टॉलिव्हर कधी थकत नाही

१

होलिस मल्वेनी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडला, त्याला माझी हरकत नव्हती. माणसं मरतात. माझी हरकत होती ती त्याच्या टाइपरायटरमध्ये सापडलेल्या पानाला.

बंकर हिलवरची ती जुनी लाकडी घरं तुम्ही पाहिली असतील, उतारावर कशीबशी तोल सावरून उभी असलेली. होलिसच्या घराचा जिना बाहेरच्या अंगाला होता. वरच्या गॅलरीत तो टाइपरायटर घेऊन बसायचा, शेजारी ग्लास असायचा. सोमवारी दुपारी तो खाली सापडला, मान मोडलेली. सार्जंट वर गेला, टाइपरायटरमधलं पान वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि नवऱ्यानं जीव दिला म्हणून त्याच्या बायकोचं सांत्वन केलं. बायको काही बोलली नाही. प्रकरण संध्याकाळच्या आत मिटलं.

मी ओटिली ब्रँट. लॉस एंजेलिसमधल्या एका स्वस्त रहस्यमासिकाची संपादक. आमच्या कागदाला हात लावला तर बोटं काळी होतात आणि लोक आम्हाला नाक मुरडत वाचतात, पण वाचतात. होलिसचा गुप्तहेर टॉलिव्हर हा आमचा पोशिंदा. पूर्वीचा ट्रामचा कंडक्टर, आता भाड्यानं लोकांची पापं शोधणारा, स्वतःची कथा स्वतःच सांगणारा. त्याचा शब्द न् शब्द मी तपासला आहे. होलिसला मी जेवढं ओळखत नव्हते, तेवढं टॉलिव्हरला ओळखते.

बुधवारी होलिसची आई माझ्या कचेरीत आली. वाळकी, ताठ, डोक्यावर काळी टोपी. तिनं सार्जंटकडून मिळवलेली पानाची नक्कल माझ्यापुढे ठेवली.

"फादर डीगन म्हणतात, जीव दिलेल्या माणसाला पवित्र जमिनीत जागा नाही," ती म्हणाली. "त्याचा बाप तिथे आहे. शेजारची जागा मी माझ्यासाठी ठेवली होती, ती आता त्याला देणार होते. तुम्ही त्याचं सगळं लिहिलेलं वाचलंय. तुम्हीच सांगा, हा त्याचा निरोप आहे का?"

मी वाचलं.

'मी थकलोय. जिना चढून वर आलो, टोपी खुंटीला अडकवली आणि कळलं की पुन्हा उतरायला काही कारण उरलेलं नाही. खाली शहर पसरलं होतं, इस्त्री न केलेल्या चादरीसारखं. कुठल्या सुरकुतीत कोण निजलंय हे मला आता जाणून घ्यायचं नव्हतं. कुणी केलं ते मला माहीत आहे. सांगून कुणाचं भलं होणार नाही. तिला म्हणावं, माझी वाट बघू नको.'

"मिसेस मल्वेनी," मी म्हणाले, "मेल्यावर एखाद्याची हक्काची जागा अशी चोरली जाताना मी बघत बसणार नाही. टॉलिव्हर कधी थकलोय असं म्हणत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे पान निरोपाचं नाही. कशाचं आहे ते शोधते."

२

सार्जंटला मी हेच सांगितलं तर तो हसला. "बाई, तुमचा टॉलिव्हर कायम थकलेलाच असतो. माझी बायको वाचते ना."

"असतो. म्हणत नाही."

हा फरक ज्याला कळला त्याला हा धंदा कळला. थकलेल्या माणसाचा आवाज लिहायचा तर थकव्याचं नावही काढायचं नसतं. तो जिना मोजतो, टोपी काढतो, फोन वाजू देतो. एक लांब वाक्य येतं, मग दोन तोकडी, दम लागल्यासारखी. जिथे दुखतं तिथे तो विनोद करतो. आणि फारच दुखलं तर विनोदही करत नाही, समोरच्या टेबलावर काय काय ठेवलंय ते सांगत बसतो. रडगाणं गाणारा गुप्तहेर वाचकाला दोन पानांत नकोसा होतो. ज्याला स्वतःची कीव येत नाही, त्याचीच कीव वाचक करतो.

"मग पान दुसऱ्या कुणी लिहून तिथे घातलं म्हणता?" सार्जंटनं विचारलं. आता त्याचं हसू जरा कमी झालं होतं. "तसं असेल तर तो खून असू शकतो. आहे का तुमच्याकडे कुणी?"

होतं. निदान दोघं तरी होते, आणि त्यातला एक माझा मालक होता.

३

मॉर्ट हॅकेटच्या टेबलावर पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ तयार पडलं होतं. जिना, टोपी, खाली पडलेली सावली आणि लाल अक्षरांत: 'टॉलिव्हरचा अखेरचा निरोप'.

"प्रेत अजून शवागारात आहे, मॉर्ट."

"म्हणूनच घाई." तो सिगार चघळत होता. "लेखक मेला, गुप्तहेर मेला, एकाच पानात. ओटी, असं नशीब मासिकाला जन्मात एकदा मिळतं. चालू मालिकेचं शेवटचं प्रकरण पेल लिहून देतोय. त्यात खुनी सापडेल, बेड्या पडतील, आणि मग हे पान. लोक ढसाढसा रडतील."

"पान तू लिहिलंस का?"

तो सिगार बाजूला ठेवून मनापासून हसला. "मी? मला किराण्याची चिठ्ठी धड लिहिता येत नाही. तूच तर म्हणतेस."

म्हणत होते खरी. मॉर्टला वाक्य म्हणजे काय ते फक्त लाल अक्षरांत कळतं. त्याच्यावरचा संशय तिथेच गळाला आणि मला वाईट वाटलं. मालक खुनी निघण्यात काही वेगळीच मजा असती.

पेल मात्र खरा संशयित होता. कॉर्विन पेल, आमचाच दुसरा लेखक, तेल लावलेले केस, होलिसच्या जागेवर बरीच वर्षं डोळा. त्यानं आपलं नवं प्रकरण मला अभिमानानं दाखवलं. 'शहर जखमी अजगरासारखं वेटोळं घालून पडलं होतं. तिचे ओठ विझत्या निखाऱ्यासारखे, तिचं मन बर्फाच्या कट्यारीसारखं, आणि माझं हृदय दारूच्या रिकाम्या पिंपासारखं.'

"किती उपमा झाल्या, कॉर्विन?"

"हीच तर शैली आहे. होलिसचीच."

"टॉलिव्हरनं अजगर कुठे पाहिला?"

नकला करणारे सगळे इथेच आपटतात. त्यांना वाटतं, या आवाजाचा जीव उपमेत आहे, म्हणून ते पोतं भरून ओततात. उपमा ज्या वस्तूला देतो तिची नसतेच, बोलणाऱ्याची असते. टॉलिव्हर ट्रामचा कंडक्टर होता. त्याला तिकिटाची भोकं आठवतात, रुळाचा घाम, शेवटच्या फेरीला झोपलेले प्रवासी. तो अजगराकडे जाईल कशाला? आणि पानभर कोरडा चालून मग एकच नेमकी उपमा दिली तर ती लागते. तीन दिल्या की एकमेकींच्या पायात पाय घालून पडतात.

"आणि तुझा खुनी पकडला जातो," मी म्हणाले.

"मग? वाचकानं विकत कशाला घ्यायचं?"

"टॉलिव्हरला खुनी नेहमी कळतो, कॉर्विन. कळून उपयोग होत नाही. खुनी बापाला पकडून दिला तर पोर उघडं पडतं, न दिला तर मेलेल्याला न्याय नाही. त्यानं काहीही केलं तरी हात थोडे मळतातच. प्रत्येक कथेत तो एक तरी गोष्ट करतो, जी दुसऱ्यानं केली असती तर त्यानंच त्याला धरलं असतं. ते काढलंस तर उरतो टोपी घातलेला पोलीस."

"कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात ते माझ्याबद्दल की तुझ्याबद्दल?" तो उठला. "ते पान मी लिहिलं असतं, ओटी, तर त्यात शब्दांची एवढी कंजुषी केली नसती."

हा माणूस गाढव होता, पण या बाबतीत खरं बोलत होता. पानात एकच उपमा होती, आणि खुनी कळूनही सुटला होता. पेलला असं पान बापजन्मात लिहिता आलं नसतं.

म्हणजे पान बनावट नव्हतंच. चांगलं होतं. मग पहिल्याच ओळीत एवढी ढोबळ चूक कशी?

४

मी घरी जाऊन जुने कागद काढले. होलिसचे सुरुवातीचे खर्डे आणि गेल्या दोन वर्षांतले.

होलिसचा जुना खर्डा म्हणजे नटवलेली नवरी. दागिन्यांनी वाक्य वाकायचं, आणि मी निळ्या पेन्सिलीनं एकेक उतरवायचे. 'थकलोय' असं साधं, उघडं वाक्य त्याच्या हातून कधी सुटलंच नाही. साधं लिहायची त्याला लाज वाटायची. मग दोन वर्षांपूर्वी खर्डे अचानक स्वच्छ यायला लागले. मला पेन्सिल लावायला जागाच उरली नाही. मी समजले, गडी शिकला. त्याला शाबासकीसुद्धा दिली.

आता पुन्हा वाचताना माझे कान तापले. या दोन वर्षांत टॉलिव्हरची नजर बदलली होती. पूर्वी बाई खोलीत आली की तो तिच्या पायांपासून वर बघायचा. आता तो तिच्या झिजलेल्या टाचा बघत होता, ती पिशवी कुठल्या हाताला धरते ते, बाहीची शिवण पुन्हा घातलीय का ते. उपमा रुळांवरून उतरून स्वयंपाकघरात आल्या होत्या. खोटं बोलणारा बँकवाला 'न फुगलेल्या पावासारखा' होता. मला त्या आवडल्या होत्या. ट्राममधून उतरून तो कुठे गेला, हे मी विचारलं नव्हतं.

इस्त्री न केलेली चादर.

आणि ती ढोबळ चूक? ती चूक नव्हतीच. काही लोक आधी उघडं वाक्य लिहितात, 'मी थकलोय', 'मला भीती वाटते', 'माझं तिच्यावर प्रेम होतं'. त्याच्या आधारानं पुढचं रचतात: जिना, टोपी, खुंटी. भिंत वाळली की टेकू काढून घेतात, आणि वाचकाला टोपी तेवढी दिसते. पहिल्या दिवशीचं पान पाहिलं तर त्यात टेकू उभाच असणार. सार्जंटनं टेकूलाच घर समजलं.

तेव्हा पान निरोपाचं नव्हतं, बनावटही नव्हतं. तो टॉलिव्हरच्या शेवटच्या प्रकरणाचा कच्चा खर्डा होता. फक्त होलिसचा नव्हता.

५

होलिसची बायको, नेल मल्वेनी, इस्त्री करत होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे ती घरी घेते हे मला ठाऊक होतं. खरं म्हणजे ठाऊक होतं आणि कधी डोक्यात शिरलं नव्हतं. सडपातळ, चाळिशीची, मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

"दोन वर्षांपासून तू लिहितेस," मी म्हणाले.

तिनं बाही उलटी केली आणि पाण्याचे शिंतोडे मारले. "आधी फक्त टाइप करत होते. मग तो पिऊन झोपायचा आणि तुमचा फोन यायचा. एकदा मीच शेवट लिहिला. तुम्ही कळवलंत, असा शेवट त्यानं आजवर केला नव्हता." ती किंचित हसली. "ते मी जपून ठेवलंय, तुमचं शाबासकीचं पत्र."

"पान बघून सार्जंट काय समजला ते तुला कळलं होतं. मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नवऱ्याला मेल्यावर उघडं पाडू? त्याच्याकडे नाव सोडून होतं काय?"

"त्याची आई फादर डीगनच्या दारात बसून आहे, नेल. नवऱ्याशेजारची स्वतःची जागा लेकाला द्यायला निघालीय, आणि ती जागा तुझ्या पहिल्या ओळीनं अडवलीय."

इस्त्री थांबली.

"शेवटच्या प्रकरणावर मी माझं नाव मागितलं होतं," ती म्हणाली. "फक्त एकदा. तो म्हणाला, टॉलिव्हर परकर नेसत नाही. असं म्हणून इतका हसला की ग्लास हिंदकळला."

"कधी?"

"सोमवारी."

बाहेर वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता आणि गॅलरीचं दार सारखं आपटत होतं. मी विचारलं, "सोमवारी वर काय झालं, नेल?"

तिनं कापडाची घडी घातली. मग सावकाश म्हणाली, "इस्त्री तापली होती. पांढरा पडदा होता, कुणाचा तरी. जळेल म्हणून आधी ती उभी करून ठेवली. मग बाहेर गेले. कठड्यावर त्याचा ग्लास होता. त्यातला बर्फ अजून विरघळला नव्हता."

बस, एवढंच. रडणं नाही, देवाचं नाव नाही. मी आयुष्यभर अशी वाक्यं वाचत आले आहे. टेकू काढून घेतलेलं इतकं स्वच्छ वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, आणि काढलेला टेकू कुठला होता हे मला कळेना. 'मला धक्का बसला' हाही असू शकतो. 'मी धक्का दिला' हाही असू शकतो. दोन्हीवर हीच भिंत उभी राहते.

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता. नेल माझ्याकडे बघत होती. तिला तो दिसत होता.

"पान तुझं आहे असं तू सांगितलंस," मी म्हणाले, "तर सार्जंट प्रकरण पुन्हा उघडेल. जीव दिला म्हणून आज तुला कुणी काही विचारत नाही. उद्या विचारतील. तुझं भांडणही निघेल."

"ते मला कळतं, मिस ब्रँट." तिनं इस्त्री बंद केली आणि खुंटीवरचा कोट घेतला. "फादर या वेळी असतात का?"

६

फादर डीगन टक्कल पडलेले, सर्दी झालेले गृहस्थ होते. नेलनं सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून त्यांच्यासमोर बसून प्रकरणाचं पुढचं पान लिहून काढलं. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. फादरनी वाचली आणि रुमालात नाक शिंकरलं. त्यांना शैलीतलं काय कळलं देव जाणे, पण डोळे होते.

"म्हणजे तो पाय घसरून पडला?" त्यांनी नेलला विचारलं.

"मी पडताना बघितलं नाही, फादर. दारू प्यायला होता. जिन्याची वरची फळी सडलीय. त्याआधीचे तीन दिवस तो धड बोलत नव्हता, हेही खरं आहे."

"मला सरळ उत्तर हवंय."

"ते नाही," मी मध्ये पडले. "सरळ उत्तर द्यायला निघालेल्यांनीच हा घोळ घातलाय. सार्जंटला संध्याकाळी घरी जायचं होतं, त्यानं सरळ उत्तर घेतलं. माझ्या मालकाला मुखपृष्ठ हवं होतं, त्यानं घेतलं. पान होलिसचं नाही, एवढं मी शपथेवर सांगते. तो का पडला ते मला ठाऊक नाही, आणि कुणाला कळेल असंही वाटत नाही. मी लुथरन आहे, तुमच्या पंथाची नाही. माझी शपथ चालत असेल तर घ्या."

फादरनी दोन्ही पानं घडी घालून माझ्याकडे सरकवली. "चालेल," ते म्हणाले. "आमच्याकडे एक नियम आहे, मिस ब्रँट. त्यानं स्वतःच जीव दिला अशी खात्री असेल तरच दार बंद. शंका उरली, तर ती मेलेल्याच्या पदरात टाकायची. बिशपना मी कळवतो."

शंकाच तर उरली होती. ती मी पदराला गाठ मारून आणली होती.

सार्जंटही दुसऱ्या दिवशी नेलकडे जाऊन आला. ती त्याला इस्त्रीचं आणि बर्फाचं बोलली असणार. त्यानं सडलेली फळी पाहिली, उसासा टाकला आणि 'कारण निश्चित करता येत नाही' असं लिहून दिलं.

मॉर्ट हॅकेट मात्र खवळला. "बाईनं लिहिला? टॉलिव्हर? हे बाहेर गेलं तर आपण हसं होऊ. शेवट पेलचाच जाणार."

"शेवट नेलचा जाणार, तिच्या नावानं, खुनी मोकळा सोडून. छापखान्यात जुळणीला दिलाय."

"तुला काढून टाकीन, ओटी."

"टाक. मग पुढच्या अंकापासून पेलचे अजगर तूच तपास."

त्यानं सिगार पेटवला, विझवला. मला काढलं नाही. अजगरांना तोही घाबरत होता. पण मी टेबल आवरून ठेवलं होतं आणि आजही आवरूनच ठेवते.

७

होलिसला शनिवारी सकाळी पुरलं, बापाच्या शेजारी. माणसं थोडीच होती. पेल आला होता, त्यानं टोपी काढली होती, हे त्याच्या बाजूनं नोंदवते. नेल माती टाकून मागे झाली आणि सासूनं तिचा हात धरला, दोन्ही हातांनी, लहान पोरीचा धरावा तसा. नेलनं तो सोडवून घेतला नाही, पण नजर जमिनीवरून वर घेतली नाही.

फाटकाशी म्हातारी माझ्याजवळ आली. रडून रडून तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"आता मला जागा राहिली नाही इथे," ती म्हणाली, "पण त्याचं दुःख नाही. पोर बापाजवळ गेलं. आणि हे सगळं तिच्यामुळे. स्वतःवर बालंट ओढवून घेऊन ती फादरकडे गेली. मी कायम तिच्याशी फटकून वागले, देव मला क्षमा करो." तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "तुम्ही तिचं सगळं लिहिलेलं वाचलंय. ती भली बाई आहे ना?"

नेल फाटकाबाहेर उभी होती, हातमोज्याचं बटण लावत. ते लागत नव्हतं. तिला आमचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो," मी म्हणाले. "भली आहे."

कुणी पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगेन, अगदी न्यायालयात उभं करून विचारलं तरी. त्यानंतर घरी जाऊन मला झोप लागते का, हे विचारण्याचा अधिकार मी कुणालाही दिलेला नाही.